चेहरा आणि मान: जुळवायचा तो रंग, उजळपणा नव्हे

लग्नाच्या अल्बममध्ये एक दोष वारंवार दिसतो. नवरीचा चेहरा फिकट गुलाबी, हनुवटीखालची मान गव्हाळ किंवा सावळी, आणि दोहोंच्या मध्ये जबड्याच्या कडेने धावणारी स्पष्ट रेघ. रिटचिंग करणाऱ्याकडे असा फोटो आला की त्याचा हात बहुधा उजळवणाऱ्या ब्रशकडे जातो आणि मान चेहऱ्याइतकी होईपर्यंत तो ती उजळवत राहतो. एवढं करूनही फोटो खोटाच वाटतो, उलट आता मान राखाडी पडलेली असते. कारण डोळ्याला खुपत होता तो उजळपणातला फरक नव्हताच, खुपत होती ती रंगछटा. म्हणून दुरुस्तीचा क्रम वेगळा हवा. छटा जवळजवळ पूर्ण जुळवावी, रंगाचा गाढपणा अर्ध्याहून थोडा जास्त आणि उजळपणा फार तर एक तृतीयांश. मेकअपच्या बाबतीत तर ही दुरुस्ती मानेवर न करता चेहऱ्यावरच करावी.

याला आधार त्वचेतच सापडतो. माणसाच्या कातडीला रंग येतो तो मुख्यतः दोन द्रव्यांमुळे, मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. त्यांचं प्रमाण बदललं की त्वचा उजळ किंवा गडद दिसते, पण छटा तांबूस-पिवळ्याच्या एका अरुंद पट्ट्यातच राहते. व्हिडिओच्या रंगदुरुस्तीत वापरतात त्या व्हेक्टरस्कोपवर कोनाने छटा कळते आणि केंद्रापासूनच्या अंतराने गाढपणा. तटस्थ प्रकाशात टिपलेल्या गोऱ्या, गव्हाळ आणि काळ्या माणसांची त्वचा तिथे जवळपास एकाच तिरक्या रेषेलगत पडते, म्हणून त्या यंत्रावर त्वचेची रेषा आखूनच दिलेली असते. शिवाय एकाच माणसाच्या अंगावर उजळपणाचे चढउतार पाहायची आपल्याला सवय असते. हनुवटीखाली सावली असते, कपाळावर उजेड असतो, आणि तो फरकच चेहऱ्याला आकार देतो. चेहरा गुलाबीकडे आणि मान पिवळ्याकडे झुकली असेल तर मात्र काही अंशांचा फरकही मुखवट्यासारखा दिसतो.

तरीही हात लावण्याआधी कारण ओळखलं पाहिजे, कारण मेकअप आणि प्रकाश यांचे परिणाम वरवर सारखे दिसतात. फाउंडेशन त्वचेपेक्षा एक-दोन शेड फिकट निवडलेलं असतं किंवा ते गुलाबी झाक असलेलं असतं. काही पावडरींत आणि सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते फ्लॅशचा उजेड थेट कॅमेऱ्याकडे परतवतं. त्यामुळे समोर बसलेल्यांना ठीक वाटलेला चेहरा फोटोत पांढुरका उतरतो. दुसरीकडे, मांडवातल्या रंगीत एलईडीचा उजेड फक्त चेहऱ्यावर पडला असेल तर दोष मेकअपचा नसतो. हे कानावरून कळतं. कान आणि केसांच्या मुळाजवळची कातडी मानेसारखी दिसत असेल तर फरक मेकअपचा, आणि कानही चेहऱ्यासारखाच गुलाबी असेल तर प्रकाशाचा. कडही पाहावी. मेकअप जबड्याच्या रेषेवर थांबतो, प्रकाश हळूहळू विरतो. प्रकाशाचा दोष असेल तर आधी सगळ्या फोटोचा व्हाइट बॅलन्स पाहावा, मास्क नंतर.

आता नमुन्यादाखल एक फोटो घेऊ. नवरीने हिरवा शालू नेसला आहे, फोटो फ्लॅशवर काढला आहे आणि कान मानेच्या रंगाचे आहेत, म्हणजे प्रकरण मेकअपचं. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरचा Sample Size बहुतेकदा Point Sample वर असतो आणि एकच पिक्सेल वाचला जातो. त्वचेवर त्याचा उपयोग नाही, कारण एक रंध्र किंवा चमकीचा एक कण आकडा फिरवतो. तो 31 by 31 Average वर ठेवावा. रंग कुठून वाचायचा हे त्याहून महत्त्वाचं. हनुवटीच्या अगदी खालची जागा घेऊ नये, तिथे सावली तर असतेच, शिवाय शालूचा हिरवा उजेड उसळून मानेवर पडलेला असतो. मानेची बाजू, जिथे गालावर पडलेलाच उजेड पडला आहे, ती घ्यावी. चेहऱ्यावर गालाचा ब्लशबाहेरचा, जबड्याजवळचा भाग घ्यावा. समजा चेहऱ्याचे आकडे लाल २२६, हिरवा १९०, निळा १७८ आले आणि मानेचे १६८, १२२, ९२. एवढ्यावरून काही समजत नाही, म्हणून तेच Info पॅनेलमध्ये HSB रूपात वाचावेत. चेहऱ्याची छटा १५ अंश, गाढपणा २१ टक्के, उजळपणा ८९ टक्के. मानेची छटा २४ अंश, गाढपणा ४५, उजळपणा ६६. दोष कुठे आहे ते आता उघड झालं. चेहरा उजळ आहेच, पण तो नऊ अंशांनी गुलाबीकडे सरकलेला आहे आणि त्यातला रंग निम्म्याहून जास्त उडालेला आहे.

वर सांगितलेल्या प्रमाणात चेहरा मानेकडे आणायचा तर लक्ष्य ठरतं छटा २३, गाढपणा ३६, उजळपणा ८२. हाच रंग लाल-हिरवा-निळ्यात मांडला की २०९, १६३, १३४ होतो. यानंतर Curves चा एक ॲडजस्टमेंट लेअर घ्यायचा आणि प्रत्येक चॅनेलमध्ये एकच बिंदू ठेवायचा: लाल २२६ वरून २०९, हिरवा १९० वरून १६३, निळा १७८ वरून १३४. सर्वांत मोठी घट निळ्यात झाली हे लक्षात घ्यावं, कारण गुलाबी-पांढरेपणा तिथेच दडलेला होता. वक्राचं वरचं टोक २५५ वरच राहतं म्हणून नाकावरची चमक टिकते. चेहऱ्याची सावलीकडची बाजू मात्र या एका बिंदूने जास्त पिवळी होऊ शकते. तसं झालं तर वक्राच्या खालच्या भागात दुसरा बिंदू ठेवून तो मूळ रेषेकडे ओढायचा.

काम बिघडतं ते मास्कमध्ये. लेअरचा मास्क काळा करून पांढऱ्या ब्रशने फक्त त्वचा रंगवायची. डोळ्यांचा पांढरा भाग, दात, ओठ, कुंकू आणि नथ बाहेर ठेवायची, नाहीतर मोती पिवळे पडतात. मास्कची कड किती मऊ असावी याला ठराविक आकडा नाही, ती मेकअपच्या कडेइतकी मऊ असावी. मेकअप जबड्यावर तुटक थांबला असेल आणि मास्क दूरवर विरत गेला, तर दुरुस्ती मानेवर सांडते आणि जबड्याखाली मळकट पट्टा उमटतो. मास्क अलीकडेच थांबला तर फिकट दोरी राहते. मोठा करून पाहताना हे दोन्ही दोष निसटतात. त्यासाठी सगळ्यांत वर Hue/Saturation चा तात्पुरता लेअर ठेवून सॅच्युरेशन +६० करावं. चेहरा आणि मान वेगळ्या रंगांत भडकली तर छटा अजून जुळलेली नाही, आणि पट्टा असेल तर तो तिथे ठळक दिसतो. तपासून झालं की तो लेअर काढून टाकायचा.

यावर पहिला आक्षेप ग्राहकाचा असतो. नवरीने गोरं दिसण्यासाठी मेकअप केला, पैसे मोजले, मग तो उतरवायचा अधिकार रिटचिंग करणाऱ्याला कुणी दिला? प्रश्न रास्त आहे, म्हणूनच उजळपणाला आपण फक्त एक तृतीयांश हात लावला आहे. काजळ, ब्लश, ओठांचा रंग, त्वचेचा तुकतुकीतपणा सगळं जागेवर आहे आणि चेहरा मानेपेक्षा अजूनही सोळा टक्के-अंकांनी उजळ आहे. उलट मान चेहऱ्यापर्यंत न्यायची म्हटली तर कान, खांदे, दंड, मेंदीचे हात, सगळंच उजळवावं लागतं, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या आईपेक्षा मुलगी वेगळ्याच प्रकाशात उभी आहे असं वाटतं. गडद त्वचा ब्रशने उजळवली की तिच्यातला रंग पातळ होतो, घड्या राखाडी दिसतात, सावलीतले दाणे वर येतात. बायकांनी गोरंच दिसावं या आग्रहाविषयी माझं मत प्रतिकूल आहे, पण तो आग्रह मान्य केला तरी मान उजळवणं ही तांत्रिकदृष्ट्या वाईट वाट ठरते.

दुसरा आक्षेप असा की हे आकडे मोजत बसण्यापेक्षा फोटोशॉपमधली Match Color ही आज्ञा तेच काम क्षणात करते. ती दोन भागांच्या रंगांची सरासरी आणि विस्तार मोजून एकाला दुसऱ्यासारखं करते. पण चेहऱ्याच्या भागात भुवया, केस आणि ओठ येतात, मानेच्या भागात मंगळसूत्राचं सोनं आणि सावली. सरासरी त्या सगळ्यांची निघते आणि चेहरा मळकट होतो. शिवाय मानेचा उजळपणाही सोबत येतो, जो आपल्याला नको आहे. निवड काटेकोर असेल आणि नंतर परिणाम बराच कमी केला, तर ती चालते, पण मग तिचा झटपटपणा उरत नाही.

उन्हाची गोष्ट वेगळी, आणि ती वेगळी का हेही याच युक्तिवादातून कळतं. शेतात किंवा मैदानावर रापलेला चेहरा आणि कॉलरखाली झाकलेली फिकट मान यांत वाढलेलं असतं ते मेलॅनिन, वरून लावलेलं काही नसतं. म्हणून छटा बहुधा जवळपास सारखीच असते, फरक उजळपणाचा असतो आणि डोळा तो स्वीकारतो. अशा फोटोत चेहरा उजळवू नये, रापलेपण त्या माणसाचं खरं आहे. खुपते ती फक्त कॉलरची किंवा कुडत्याच्या गळ्याची तीक्ष्ण रेघ, विशेषतः नंतर खोल गळ्याचा ब्लाउज घातला की. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना थोड्या रुंदीत उजळपणा एकमेकांकडे सरकवला की पुरे. ऊन ताजं असेल आणि नाक-गाल लाल झाले असतील तर मात्र छटा हलते. तेव्हा Hue/Saturation मध्ये Reds हा पट्टा निवडून छटा काही अंश पिवळ्याकडे न्यावी, आणि तीही फक्त लाल झालेल्या जागी, कारण मानेपेक्षा गाल थोडे लालसर असणं निसर्गातही असतं.

या रीतीला एक मर्यादा आहे, आणि फ्लॅशच्या फोटोत ती वारंवार येते. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर तिन्ही चॅनेल २५५ ला भिडले असतील तर तिथे रंगाची माहितीच नोंदलेली नसते. एकत्रित RGB वक्राचं वरचं टोक खाली ओढलं तर तो डाग फक्त राखाडी होतो. कॅमेऱ्याची रॉ फाइल असेल तर आधी तिच्यात हायलाइट खाली आणून पाहावं, एखादा चॅनेल तरी वाचलेला सापडतो. जेपेग असेल तर वर एक रिकामा लेअर घेऊन, गालाचा दुरुस्त झालेला २०९, १६३, १३४ हाच रंग दहा टक्के फ्लोच्या मऊ ब्रशने डागाच्या कडेकडून आत भरावा आणि मधला लहानसा चमकदार ठिपका तसाच सोडावा. इथे लेअरचा मोड Normal असावा, कारण Color मोड उजळपणा तोच ठेवतो आणि पूर्ण पांढऱ्यावर त्याचा रंग चढत नाही.