दायाँ, डावा आणि रस्त्याचा हक

दुबईच्या अल कूझ भागातल्या कामगार वसाहतीत तरावीहची नमाज संपवून माणसं खोल्यांकडे परततात, तेव्हा बहुतेकांना फक्त झोप दिसत असते. पहाटे चारच्या आसपास सहेरीला उठायचं असतं आणि थोड्याच वेळात कंपनीची बस दारात उभी राहते. एका खोलीतला दिवा मात्र गेल्या रमजानात साडेअकरापर्यंत जळत असे. पलंगावर मांडी घालून दोघे जण वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक वाचत बसायचे. एक भोरचा, तिशीतला, मुसलमान. दुसरा वेल्ह्याचा, त्याच्याहून सातआठ वर्षांनी मोठा, मराठा. भोरचा त्याला दादा म्हणतो. गावाकडे दोघांची कधी भेट झाली नव्हती. चेलाडी फाट्यावर एकाच टपरीचा चहा दोघांनी वर्षानुवर्षं प्यायला होता, हे त्यांना दुबईत कळलं.

दोघंही इमारतींमधल्या एसीच्या देखभालीच्या कामावर हेल्पर. लायसन्स मिळालं तर कंपनी गाडीवर घेणार होती. ड्रायव्हरचा पगार हेल्परपेक्षा बरा, आणि गच्चीवरच्या उन्हातून सुटका होते ती वेगळीच. गाडी चालवणं दोघांना नवीन नव्हतं. भोरच्यानं सहा वर्षं कापूरहोळपर्यंत वडापची जीप चालवली होती आणि वरंधा घाटाची वळणं त्याच्या हाताला पाठ होती. दादा गुंजवणी खोऱ्यातून दुधाची गाडी आणायचा. पण भारतीय लायसन्स दाखवून दुबईचं लायसन्स बदलून मिळत नाही. जुन्या लायसन्सचा एक फायदा असा, की शिकवणीचे तास कमी होतात. नवख्याला गाडीवर 20 तास, पाच वर्षांपेक्षा जुनं लायसन्स असेल तर 10 तास. बाकी पायऱ्या सगळ्यांना सारख्या: डोळ्यांची तपासणी, नियमांचे वर्ग, संगणकावरची नियमांची परीक्षा, मग मैदानातली पार्किंगची परीक्षा, आणि शेवटी परीक्षक शेजारी बसवून रस्त्यावरची. कुठेही नापास झालं की फी पुन्हा, आणि रस्त्यावर नापास झालं तर जादा तासही घ्यावे लागतात. हेल्परच्या पगारात हा खर्च काही महिने पुरतो.

भोरमध्ये लर्निंग लायसन्सची परीक्षा मराठीत देता येते. दुबईत ती अरबी, इंग्रजी आणि उर्दूत होते, हिंदी, मल्याळम अशा आणखी काही भाषांतही होते, पण मराठी त्यांत नाही. भोरच्याचं नाव पाहून संस्थेतल्या माणसानं न विचारताच त्याच्या अर्जावर उर्दू लिहिली. त्यानंही मान हलवली. घरी दखनी बोलतो, तेव्हा उर्दू आपलीच, असं त्याला वाटलं.

इथे मराठी वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती शेजाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. भोरच्या बाजूचं मुसलमान मूल बहुधा मराठी शाळेत जातं. संध्याकाळी मशिदीतल्या मक्तबात ते कुरआन वाचायला शिकतं, म्हणजे अरबी अक्षरं ओळखतं, त्यांचा उच्चार करतं. त्या अक्षरांना खाली-वर जेर, जबर, पेश या खुणा असतात, त्यामुळे अर्थ न कळताही शब्द बरोबर वाचता येतो. छापील उर्दूत या खुणा सहसा नसतात. नस्तालीक वळणाची ती लिपी वाचायची तर शब्द आधीपासून माहीत असावा लागतो. त्यामुळे या माणसाला घरात ऐकलेली उर्दू समजत होती आणि पुस्तकातली वाचता येत नव्हती. दोन रात्री एका पानाशी झुंजल्यावर तो दादाला म्हणाला, "दादा, तुमचं हिंदीचं पुस्तक द्या. अक्षरं तरी शाळेतली आहेत."

अक्षरं शाळेतली होती, शब्द मात्र फसवे निघाले. हिंदी पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात 'शिक्षा' भेटली. दोघांना वाटलं, दंडाचं प्रकरण. होतं ते प्रशिक्षणाचं. 'मुड़ने से पहले इशारा दें' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ वळण्याआधी हॉर्न वाजवा असा घेतला, कारण मराठीत इशारा म्हणजे सावध करणं. हिंदी-उर्दूत मात्र इशारा म्हणजे खूण, इथे इंडिकेटर. जिथे इंडिकेटर हे उत्तर हवं, तिथे हॉर्नवर बोट ठेवलं की गुण गेला.

हे शब्द एकदा कळले की कळले. खरी अडचण दोन छोट्या शब्दांची होती, आणि ती कळूनही सुटत नव्हती. दायाँ आणि बायाँ. हिंदी-उर्दूत दायाँ म्हणजे उजवा. मराठी कानाला 'दायाँ' ऐकला की 'डावा' आठवतो, द आणि ड एवढाच फरक. अर्थ थेट उलटा. दमलेल्या डोक्याला उलटा अर्थ आधी सुचतो. भोरच्याची त्यावर आणखी एक गाठ होती. त्याच्या घरी उजव्या हाताला 'सीधा हात' म्हणतात. जेवायचा हात तो सीधा. गाडी शिकवणारे उस्ताद पेशावरकडचे होते. ते म्हणायचे, "सीधा जाओ," आणि याचे हात स्टिअरिंग उजवीकडे फिरवू लागायचे. उस्तादांना कळेना की ज्याला समोर जा म्हटलं तो वळतो का.

त्यात तिथली वाहतूक आपल्या उलट. भारतात गाड्या डावीकडून चालतात, अमिरातीत उजवीकडून. चालक डाव्या बाजूला बसतो, गिअर उजव्या हाताशी येतो. आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तिथे डावीकडे. पहिल्या आठवड्यात भोरचा इंडिकेटर द्यायला जायचा आणि कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर फिरायचे. हे सगळं हसण्यावारी जाई. गोलचक्कर तसं जात नव्हतं.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्यानं गोलचक्करात गाड्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरतात. आत शिरताना धोका उजवीकडून येतो, म्हणून चालक उजवीकडे पाहतो. तिथे गाड्या काट्याच्या उलट फिरतात. आधीच चक्करात असलेली गाडी डावीकडून येते, आणि तिला जाऊ दिल्याशिवाय आत शिरायचं नाही, हा नियम. शिवाय उजवीकडे वळायचं असेल तर आधीपासून उजवी लेन धरायची. डावीकडे किंवा मागे वळायचं असेल तर डावी. चक्करात शिरल्यावर लेन बदलायचा विचार सुचला तर उशीर झालेला असतो. पुस्तकात हे चित्रानं दाखवलेलं होतं: तीन गाड्या, क, ख आणि ग, आणि खाली प्रश्न, कोणती थांबेल? दोघं रोज हा प्रश्न सोडवत आणि रोज वेगवेगळं उत्तर देत. नियमांच्या पहिल्या परीक्षेत भोरचा नापास झाला. बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, की प्रश्न समजले होते, पण दायाँ दिसला की डोक्यात आधी डावा यायचा, आणि तो पुसून उजवा लिहीपर्यंत पुढचा प्रश्न वाचायला डोकं उरत नव्हतं.

उपाय दादानं काढला. तरावीहहून परतलेल्या भोरच्याला त्यानं विचारलं, "तुम्ही नमाज संपवताना मान फिरवता ना, आधी कुठं फिरवता?"

"उजवीकडं. मग डावीकडं."

"कधी चुकलास?"

नमाज संपताना आधी उजव्या खांद्याकडे सलाम, मग डाव्या. लहानपणापासून दिवसात पाच वेळा, आणि रमजानात तरावीहच्या वीस रकअती दोन-दोन करून पढल्या तर आणखी दहा वेळा हे होतं. त्याला शब्दाची गरज लागत नाही, मान आपोआप फिरते. दादानं पुस्तकात जिथे जिथे दायाँ होता तिथे पेन्सिलीनं एक आकडा घातला, बायाँ तिथे दोन. पहिला सलाम, दुसरा सलाम. मग गोलचक्करचा नियम एका ओळीत आला: शिरण्याआधी दुसऱ्या सलामाकडे बघ. दादाला स्वतःला सलामाचा उपयोग नव्हता. त्यानं आपल्यापुरता प्रसाद घ्यायचा हात धरला, पण आकडे तेच ठेवले.

दुसरी अडचण शब्दाची कमी आणि सवयीची जास्त होती. उर्दूत जाण्याच्या प्राधान्याला 'रास्ते का हक़' म्हणतात. भोरच्यानं तो हक मराठीतला हक्क म्हणून वाचला, म्हणजे आपण मिळवायची गोष्ट. वडापच्या धंद्यात ते खरंही होतं. जो आधी पुढं घुसला, रस्ता त्याचा. पण पुस्तकातला प्रत्येक प्रश्न उलट बाजूनं विचारलेला होता. कोणाला हक आहे, असं तो विचारत नव्हता. कोण थांबेल, असं विचारत होता. वसाहतीतल्या मशिदीच्या इमामांनी त्या दिवसांत एक हदीस समजावून सांगितली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. पैगंबरांनी लोकांना रस्त्यावर बसकण मारण्यापासून रोखलं. लोक म्हणाले, बोलायला आमच्याकडे दुसरी जागा नाही. तेव्हा पैगंबरांनी सांगितलं, मग रस्त्याला त्याचा हक द्या. रस्त्याचा हक कोणता, हे विचारल्यावर त्यांनी नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामाला उत्तर देणं आणि भल्याचं सांगून वाईटापासून रोखणं या गोष्टी मोजल्या. इथे हक रस्त्याचा आहे आणि देणं वापरणाऱ्याकडे आहे. भोरच्यानं खोलीवर येऊन दादाला ते सांगितलं आणि दोघांनी तीन गाड्यांचं चित्र पुन्हा उघडलं.

रमजानात अमिरातीत खासगी कंपन्यांनाही कामाचे तास दिवसाला दोननं कमी करावे लागतात. त्या दोन तासांवरच हा अभ्यास चालला. त्याची किंमतही होती. इफ्तारच्या आधीचा तास तिथल्या रस्त्यांवर वाईट असतो. उपाशी, तहानलेली माणसं घरी पोचायच्या घाईत असतात, म्हणून अनेक सिग्नलवर स्वयंसेवक चालकांच्या हातात खजूर आणि पाणी देतात, की वाटेतच रोजा सोडा, पळू नका. उस्तादांनी भोरच्याला रोजा असताना दुपारनंतरचा तास घ्यायला साफ मनाई केली. "रात को आओ," म्हणाले. रात्री झोप कमी पडे, पण डोकं शांत असे.

ईदच्या आधी दोघंही नियमांच्या परीक्षेत पास झाले. रस्त्यावरच्या पहिल्या परीक्षेत भोरचा गोलचक्करापाशी अडकला. डावीकडे पाहिलं, थांबला, एक गाडी जाऊ दिली, दुसरीही दिली, आणि मग मोकळा रस्ता असूनही थांबूनच राहिला. परीक्षकानं नापास केलं. विनाकारण थांबणंही चूकच. मागच्याला ते कळत नाही आणि तो येऊन धडकतो. जादा तास घेऊन दुसऱ्या खेपेला तो पास झाला. दादाची पार्किंगची परीक्षा अजून बाकी आहे. समांतर पार्किंगमध्ये मागचं चाक कडेला लागतं आणि आरसा डाव्या बाजूचा पाहायचा की उजव्या, यात तो अजून घुटमळतो.

पावसाळ्यात भोरचा महिन्याच्या सुट्टीवर आला तेव्हा कापूरहोळला भाऊ वडापची जीप घेऊन उभा होता. त्यानं किल्ली पुढे केली. यानं ती घेतली नाही, मागच्या सीटवर बसला आणि भोर येईपर्यंत प्रत्येक फाट्यावर आपली मान कुठं वळते ते पाहत राहिला. चार दिवस त्यानं गाडीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी अम्मीला दवाखान्यात न्यायला निघाला, तेव्हा चौकात आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. अम्मी म्हणाली, "क्या रे, सलाम फेरतोस की काय?"