निरोप घेणाऱ्याचं किती खरं मानायचं?

बॉब डिलनचं १९६३ साली आलेलं ‘डोन्ट थिंक ट्वाइस, इट्स ऑल राइट’ वरवर शांत निरोपाचं गाणं वाटतं. निवेदक प्रेयसीला सांगतो, मी निघालो, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण त्याच्या प्रतिमा वेगळंच बोलतात. कोंबडा आरवेल तेव्हा ती खिडकीतून पाहील आणि आपण गेलेले असू, असं तो म्हणतो. म्हणजे तिने आपल्याला शोधावं, ही आस आहेच. दिवा लावून उपयोग नाही, मी रस्त्याच्या अंधाऱ्या बाजूला आहे, असंही तो सांगतो. आपण दिसत नाही याचा दोष मात्र उजेडावर ढकलतो. तिने काही बोलून आपल्याला थांबवावं, ही इच्छाही मधेच निसटते. शेवटी तर आपला वेळ वाया घालवल्याचा ठपका तो तिच्यावर ठेवतो. ज्याला काहीच वाटत नाही, तो असा हिशेब मांडत नाही.

डिलनची मैत्रीण सूझ रोटोलो १९६२ मध्ये इटलीला गेली होती. गाण्यात मात्र जाणारा तो आहे. तरीही चरित्र हा पुरावा नव्हे. निवेदकाचा दावा आणि त्याच्या प्रतिमा यांचं जमत नसेल, तर प्रतिमांवर विश्वास ठेवा.