पंधरा मिनिटांची बस आणि थांब्यावरचा वेळ

दर १५ मिनिटांनी येणाऱ्या बससाठी थांब्यावर सरासरी साडेसात मिनिटे वाट पाहावी लागते. वेळापत्रक न पाहता निघालेला प्रवासी दोन बसच्या मधल्या कोणत्याही क्षणी थांब्यावर पोहोचतो. कोणाला येताक्षणी बस मिळते, तर कोणाच्या डोळ्यांदेखत ती सुटते आणि त्याला पूर्ण १५ मिनिटे तिष्ठत राहावे लागते. सगळ्यांची सरासरी काढली, की उत्तर १५ च्या निम्मे येते.

हे उत्तर खरे ठरते ते बस ठरल्या अंतराने आल्या तरच. गर्दीच्या रस्त्यावर तसे क्वचितच होते. एखादी बस सिग्नलला अडकून उशिरा आली, की थांब्यावर माणसे जास्त साचलेली असतात. त्यांच्या चढण्याउतरण्यात ती आणखी रेंगाळते. मागच्या बसला मात्र थोडेच प्रवासी मिळतात, त्यामुळे ती भराभर पुढे येऊन पहिलीला गाठते. पहिली खचाखच भरलेली आणि तिच्या पाठोपाठ दुसरी रिकामी, हे दृश्य त्यातूनच तयार होते.

समजा, बस आळीपाळीने ५ आणि २५ मिनिटांनी येऊ लागल्या. तासाला बस चारच, म्हणजे कागदावर ‘दर १५ मिनिटांनी’ हे अजूनही खरेच. पण थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येत असेल, तर दर ३० प्रवाशांपैकी ५ जण छोट्या खंडात येतात आणि सरासरी अडीच मिनिटे थांबतात. उरलेले २५ जण मोठ्या खंडात सापडतात आणि सरासरी साडेबारा मिनिटे थांबतात. तिसांची मिळून सरासरी जवळजवळ ११ मिनिटे होते. खंड जितका मोठा, तितके त्यात सापडणारे लोक जास्त. ‘बस नेहमी उशिराच येते’ ही प्रवाशांची तक्रार म्हणूनच रास्त आहे.

आता पूर्ण प्रवास पाहू. घरापासून थांब्यापर्यंत ५ मिनिटे चालणे, बसमध्ये २० मिनिटे आणि उतरल्यावर पुन्हा ५ मिनिटे चालणे, असा हा अर्ध्या तासाचा रस्ता आहे. बस नियमित असेल तर त्याला साडेसदतीस मिनिटे लागतात, अनियमित असेल तर सुमारे ४१. पण कामावर वेळेत पोहोचायचे असेल तर सरासरीवर विसंबून चालत नाही. सर्वांत वाईट दिवस धरून घर सोडावे लागते. नियमित बससाठी ४५ मिनिटे हाताशी ठेवावी लागतात, तर ५ आणि २५ च्या चक्रात ५५. वाटेत तशीच दुसरी नियमित बस बदलायची असेल, तर सरासरीत आणखी साडेसात मिनिटांची आणि राखीव वेळेत १५ मिनिटांची भर पडते.

बसची वेळ नेमकी पाळली जात असेल, तर वेळापत्रक पाहून निघणारा प्रवासी दोन-चार मिनिटांतच बस पकडू शकतो. नवी गाडी न घेताही थांब्यावरचा वेळ कमी करता येतो. त्यासाठी मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर पुढे धावलेल्या बसला थोडे रोखून दोन बसमधला खंड पुन्हा सारखा करावा लागतो.