एका कॅरेटचे चार चेहरे

कॅरेट हे वजन आहे, आकारमान नव्हे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हे वजन हिऱ्याच्या रुंदीत गेलं की पोटात, यावर तो बोटावर केवढा दिसेल हे ठरतं.

एक कॅरेटचा चांगला गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तेवढ्याच वजनाचा ओव्हल ७.७ बाय ५.७ च्या आसपास भरतो. वरून दिसणारं क्षेत्रफळ काढलं तर दोघांत फरक थोडाच, पण नजर लांबी पकडते आणि ओव्हल मोठा वाटतो. थेंबाच्या आकाराचा पेअर त्याहूनही लांब दिसतो. कुशन मात्र उशीसारखा चौकोनी आणि पोटात खोल असतो. त्याची बाजू जेमतेम साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर भरते, म्हणून त्याच वजनात तो लहान दिसतो.

एकाच आकारातही ही तफावत असते. समजा, एका कॅरेटचे दोन ओव्हल समोर आहेत. पहिला ७.९ बाय ५.८ आणि खोली ३.४ मिलिमीटर, दुसरा ७.४ बाय ५.५ आणि खोली ३.९. दुसऱ्याचं वजन खाली, कोंदणात लपलेलं आहे. पैसे एका कॅरेटचेच, दिसायला मात्र तो लहान. ही मापं प्रमाणपत्रावर छापलेली असतात, तीच आधी वाचा.

बोट आखूड असेल तर बोटाच्या रेषेत बसवलेला ओव्हल किंवा पेअर ते लांबसडक दाखवतो. पेअरचं टोक नखाकडे ठेवण्याची रीत आहे. ते टोक नाजूक असल्याने त्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी पकड हवीच, नाहीतर धक्क्याने टवका उडतो.

चमकेत गोल हिऱ्याला तोड नाही. त्याचे पैलू सगळीकडून सारखे असल्याने प्रकाश एकसारखा परततो. कुशनची झळाळी वेगळी: मोठ्या पैलूंचा असेल तर रंगांच्या रुंद ठिणग्या, बारीक पैलूंचा असेल तर कुटलेल्या बर्फासारखी लुकलुक.

ओव्हल आणि पेअरमध्ये खरी मेख आहे ती मधोमध दिसणाऱ्या काळ्या पट्ट्याची. त्याला बो-टाय म्हणतात. मधले पैलू पाहणाऱ्याच्याच डोक्याची सावली परत दाखवतात, म्हणून तो उमटतो. थोडाफार असतोच. हिरा हातभर अंतरावर धरून डावी-उजवीकडे हलवा. सावली येत-जात असेल तर हिरा जिवंत आहे. पट्टा काळाच राहिला तर तो घेऊ नका. प्रमाणपत्रावर याची नोंद नसते, त्यामुळे फोटोवर विसंबू नका. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळंच चमकतं. सराफाला सांगून हिरा खिडकीपाशी न्या आणि तिथे पाहून ठरवा.