टेपवरचे आकडे

रस्त्यावरच्या अपघातात ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरच्या हाताशी कागद नसतो. एका हाताने सलाइनची बाटली सावरायची, दुसऱ्या हाताने जे सापडेल त्यावर लिहायचे. बहुतेकदा तो मांडीवर चिकटवलेला पांढऱ्या टेपचा तुकडा असतो, नाहीतर हातमोज्याची मागची बाजू. रुग्णालयात पोहोचल्यावर त्या खरडीतून कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला कळेल असा निरोप द्यायचा असतो, आणि तोही साधारण पाऊण मिनिटात. हे काम कसे चालते ते एका कल्पित, पण नेहमी घडणाऱ्या उदाहरणातून पाहू. टेपवर एवढेच आहे:

पु ३४, बाइक–ट्रॅक्टर, हेल्मेट +, उ. मांडी, ११२, १०४/७०, १५, एनएस ५००, ट्रमा ५०, टीएक्सए १ ग्रॅ, १३०, ९२/६०, १३, गोळ्या?

ज्याने लिहिले त्याला सगळे लख्ख आठवते. दुसऱ्याने वाचले तर? १५ आणि १३ हे ग्लासगो मोजमापाचे आकडे आहेत, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे त्याचे. पूर्ण शुद्धीला १५ गुण. टेप वाकडीतिकडी भरलेली असली आणि वेळ लिहिलेली नसली, तर माणूस १५ वरून १३ वर घसरला की १३ वरून १५ वर सुधारला, हे सांगता येत नाही. पहिल्या अर्थाने वाचणारा डॉक्टर डोक्याच्या सीटी स्कॅनची घाई करील, दुसऱ्या अर्थाने वाचणारा निश्चिंत राहील. मला विचाराल तर हस्तांतराच्या निरोपातली सर्वांत घातक चूक हीच: आकडा आहे, वेळ नाही.

म्हणून खरड उलगडताना पहिले काम वेळा बसवण्याचे. इथेही फसगत होते. मॉनिटरच्या छापील पट्टीवर दुसऱ्या तपासणीची वेळ ७:४६ दिसते, पण त्याचे घड्याळ मोबाइलपेक्षा सहा मिनिटे पुढे आहे. खरी वेळ ७:४०. एकच घड्याळ धरायचे आणि सगळ्या नोंदी त्याच्याशी जुळवून घ्यायच्या. अपघाताची वेळ मात्र कॉल आल्याच्या वेळेवरून ठरवायची नाही. ती पाहणाऱ्याला विचारायची, आणि कोणी सांगितली तेही नोंदवायचे.

मग निरोपाला क्रम द्यायचा. लष्करी वैद्यकीय सेवेतून आलेला एक क्रम अपघाताच्या रुग्णांसाठी बऱ्याच देशांत वापरतात: वय, वेळ, इजा कशी झाली, इजा कोणती, तपासणीचे आकडे, उपचार. आपली टेप त्यात बसवली की असे होते:

“पुरुष, अंदाजे ३४. अपघात संध्याकाळी ६:४० च्या सुमारास, टपरीवाल्याने सांगितले. मोटारसायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मागून आदळली, हेल्मेट होते. उजवी मांडी सुजलेली, वाकडी. उघडी जखम नाही. ७:१० ला नाडी ११२, रक्तदाब १०४/७०, ग्लासगो १५. ७:४० ला नाडी १३०, रक्तदाब ९२/६०, ग्लासगो १३. डोळे ३, बोलणे ४, हालचाल ६. सलाइन ५०० मिलि ७:१५ ते ७:३५. स्प्लिंट ७:१८ ला. पायाची नाडी आधी लागत होती, नंतरही लागते. ट्रमाडॉल ५० मिग्रॅ शिरेतून ७:२० ला. ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम ७:२४ ला सुरू, दहा मिनिटांत दिले. ॲलर्जी आणि नेहमीच्या गोळ्या: माहीत नाही.”

आता हेच आकडे बोलू लागतात. सलाइन संपूनही नाडी वाढली आणि रक्तदाब उतरला, म्हणजे आत कुठेतरी रक्त जात असणार. मांडीचे हाड मोडले तर एकट्या मांडीत लिटरभर रक्त साचू शकते, पण पोट आणि छातीही तपासायलाच हवी. ट्रमाडॉलने गुंगी येते, त्यामुळे शुद्ध त्यानेच उतरली की रक्तस्रावाने की डोक्याच्या माराने, हा प्रश्न उभा राहतो. औषधाची वेळ कळली नसती तर तो कोणाला सुचलाही नसता. ट्रानेक्झॅमिक ॲसिड रक्तस्राव आवरायला मदत करते, पण पहिला डोस इजेपासून तीन तासांच्या आत द्यावा लागतो. त्यानंतर सुरू केले तर अपाय होऊ शकतो. पुढचा १ ग्रॅम रुग्णालयात आठ तासांत हळूहळू द्यायचा असतो. पहिल्या डोसची नोंद हरवली तर तो पुन्हा दिला जातो, नाहीतर पुढचा राहून जातो.

“मांडीचे हाड मोडले” असे निरोपात म्हटलेले नाही, हेही पाहा. एक्स-रे झालेला नाही. दिसले ते “सुजलेली, वाकडी”. तसेच “ॲलर्जी नाही” आणि “ॲलर्जी माहीत नाही” यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. टेपवरच्या प्रश्नचिन्हाचे लिहिताना “नाही” करून टाकण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

निरोप देताना रुग्णाला लगेच स्ट्रेचरवरून हलवायची घाई करू नये. श्वास किंवा हृदय थांबले नसेल, तर सगळ्यांनी हात थांबवून ऐकावे, आणि घेणाऱ्याने मुख्य आकडे परत म्हणून दाखवावेत. टेप फेकायची नाही; ती केसपेपरला जोडायची, कारण वाद पडला तर मूळ नोंद तीच.

अपघात तुमच्यासमोर झाला, तर १०८ ला फोन लावतानाच घड्याळ पाहा आणि ती वेळ ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरांना सांगा. जखमीच्या खिशात गोळ्यांची पाकिटे सापडली तर तीही त्यांच्याकडे द्या.