एकाच डिस्कवर दोन प्रणाली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत संपली आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे परंतु अद्याप धडधाकट असलेले किती तरी संगणक महाविद्यालयांच्या डेडस्टॉक रजिस्टरात जाण्याच्या वाटेला लागले. अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या एखाद्या महाविद्यालयात अशाच संगणकांवर, विंडोजच्या शेजारी उबुंटू वसविण्याची दोन दिवसांची कार्यशाळा सहज भरविता येईल. मात्र तिच्या पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करू नये, असे माझे निश्चित मत आहे.

पहिला आणि सर्वांत रूढ गैरसमज असा की, लिनक्स आले म्हणजे विंडोज पुसले गेलेच. वस्तुतः हार्ड डिस्कचे पार्टिशन टेबल ही भूखंडाच्या मिळकत पत्रिकेसारखी चीज आहे. जुन्या मालकाच्या हद्दीतून रीतसर तुकडा तोडून घेतला, तर त्याच्या घरास धक्का लागत नाही. पुसले जाते ते `Erase disk` हा पर्याय घाईने निवडल्यामुळे. म्हणून पहिल्या दिवशी, आवश्यक फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून झाल्यानंतर, विद्यार्थ्याने विंडोजमध्येच `diskmgmt.msc` उघडावे, सी ड्राइव्हवर `Shrink Volume` निवडावे, ५१२००, म्हणजे ५० जीबी, हा आकडा भरावा आणि मोकळी झालेली जागा फॉरमॅट न करता `Unallocated` अशीच राहू द्यावी. दोनशे जीबी रिकामे दिसत असूनही विंडोज फारच थोडी जागा देऊ करते, तेव्हा डिस्क बिघडल्याची शंका घेण्याचे कारण नाही. मध्येच ठाण मांडून बसलेल्या, जागेवरून न हलविता येणाऱ्या फायली हे त्याचे नेहमीचे कारण असते.

दुसरा गैरसमज अधिक घातक, कारण तो दिसत नाही. ‘संगणक बंद केला, म्हणजे विंडोज बंद झाले’, असे आपण निःशंकपणे मानतो. परंतु विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपच्या सोयीमुळे, ‘शट डाउन’चा हुकूम दिल्यावरही विंडोजच्या गाभ्याची अवस्था `hiberfil.sys` या फाइलीत जतन होते आणि डिस्कवरील त्याचा ताबा सुटत नाही. अशा वेळी लिनक्स त्या विभागात लिहिण्यास नकार देते, किंवा तो केवळ वाचण्यापुरता उघडते. हा नकार दोष नसून संरक्षण आहे. कोणी बळजबरीने लिहिलेच, तर पुढच्या खेपेस विंडोज आपल्या जुन्या स्मरणानुसार वागते आणि फायलींचा हिशेब बिघडतो. उपाय एका ओळीचा आहे. तो ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने द्यावा:

```
powercfg /h off
```

या आज्ञेने ती फाइलही नाहीशी होते. त्यामुळे विभाग लहान करण्यापूर्वीच ही आज्ञा द्यावी, म्हणजे एक अडथळा आपोआप दूर होतो. बिटलॉकर चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नये.

दुसऱ्या दिवसाचा प्रारंभ `msinfo32` मधील `BIOS Mode` पाहण्याने व्हावा. तेथे `UEFI` असेल, तर पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू झाला पाहिजे; लाइव्ह उबुंटूत `/sys/firmware/efi` ही डिरेक्टरी आढळली, की तशी खात्री पटते. ‘ग्रब विंडोजचा बूटलोडर खाऊन टाकतो’ ही तक्रार जुन्या पद्धतीच्या संगणकांपुरती बरीचशी खरी होती, कारण तेथे डिस्कच्या आरंभी बूटलोडरसाठी एकच जागा असे. यूईएफआयमध्ये मात्र दोन्ही प्रणालींची दप्तरे ईएफआय विभागात स्वतंत्र राहतात, आणि एखाद्या अपडेटनंतर उबुंटूचा मेनू अदृश्य झाला, तर बहुधा केवळ क्रम बदललेला असतो. तो फर्मवेअरच्या सेटिंगमधून पूर्ववत करता येतो; त्यासाठी पुन्हा इन्स्टॉल करण्याची तसदी घेऊ नये. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनच्या आज्ञा पाठ करविण्यात वेळ दवडण्याचेही प्रयोजन नाही. पवईच्या आयआयटी मुंबईतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतही दिले आहेत आणि ते पाहता पाहता हाताने करून बघण्यासाठीच रचलेले आहेत.

अखेरचा गैरसमज घड्याळाचा. दोन प्रणाली आळीपाळीने वापरू लागताच वेळ साडेपाच तासांनी चुकते आणि मदरबोर्डवरची बॅटरी संपली, असे समजून ती बदलण्यासाठी विद्यार्थी लॅमिंग्टन रोड गाठतात. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स तीच वेळ जागतिक प्रमाणवेळ समजून वाचते. म्हणून सकाळचे १० वाजले असता उबुंटू दुपारचे ३:३० दाखविते, आणि इंटरनेटवरून त्याने घड्याळ दुरुस्त केले, की विंडोजमध्ये पहाटेचे ४:३० वाजतात. उबुंटूत एवढेच लिहावे:

```
timedatectl set-local-rtc 1
```

त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्ही प्रणाली एकेकदा सुरू करून समोरच्या भिंतीवरील घड्याळाशी वेळ ताडून पाहावी.