सरळ दिसणारी रेघ

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीनचे ढग सोडले. त्यानंतर वर्षाच्या आतच कोळशाचे मुखवटे तयार होऊ लागले. रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळसा भरलेला मुखवटा बनवला आणि तो क्लोरीन चांगला अडवत असे. पण असाच कोळशाचा मुखवटा लावून कोणी धुराने भरलेल्या खोलीत शिरले, तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ बिनअडथळा फुप्फुसात जातो. कोळसा तोच असताना एक विषारी वायू अडकतो आणि दुसरा निसटतो.

सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी बारीक छिद्रे असतात, की त्यांच्या आतल्या भिंती पसरल्या तर साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे दहाएक गुंठे जागा भरेल. या भिंतींवर वायूचे रेणू येऊन टेकतात. याला अधिशोषण म्हणतात. कोळशावर सहसा रेणू आणि पृष्ठभाग यांच्यात कोणताही रासायनिक बंध तयार होत नाही. वायूचा द्रव होताना त्याचे रेणू ज्या क्षीण ओढीने एकमेकांना धरतात, तीच ओढ इथे काम करते. म्हणून जो वायू सहज द्रवरूप होतो, तो कोळशाला जास्त चिकटतो. क्लोरीन उणे ३४ अंश सेल्सियसला उकळतो, तर कार्बन मोनॉक्साइड थेट उणे १९१.५ अंशांना. मुखवट्याचे कोडे इथेच सुटते.

हे भौतिक अधिशोषण झाले. त्यात एका मोलमागे साधारण २० ते ४० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि दाब कमी केला किंवा कोळसा तापवला की वायू जसाच्या तसा परत मिळतो. हाच कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर टेकला की चित्र बदलते. रेणूतला कार्बन धातूच्या अणूशी खरा बंध जोडतो आणि उष्णता शंभर किलोज्यूलच्या वर जाते. नुसता दाब कमी करून तो सुटत नाही. गाडीच्या धुराड्यातल्या उत्प्रेरक नळकांड्यात असाच बांधलेला कार्बन मोनॉक्साइड शेजारच्या ऑक्सिजनला भेटतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. हे रासायनिक अधिशोषण.

कोळसाही नेहमी सोज्वळ वागतो असे नाही. साध्या तापमानाला त्याने घेतलेला ऑक्सिजन तापवून परत मागितला, तर ऑक्सिजनऐवजी कार्बनची ऑक्साइडे हाती येतात. काय आत गेले आणि काय बाहेर आले, हे ताडून पाहण्याइतकी खात्रीची कसोटी दुसरी क्वचितच सापडेल.

आता किती वायू बसतो, याचा हिशोब. तापमान स्थिर ठेवून दाब वाढवत नेला तर बसणारा वायू वाढतो, पण दाबाच्या प्रमाणात नाही. आधी चांगल्या जागा भरतात, मग उरलेल्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइंडलिश यांच्या नावाने जे सूत्र ओळखले जाते, ते या वागण्याचे साधे वर्णन करते: V = k·p^(1/n). यात V हे बसलेल्या वायूचे आकारमान, p हा दाब, आणि k व n हे प्रयोगातून काढायचे दोन आकडे. सूत्र त्यांच्या आधीही वापरात होते, पण नाव चिकटले ते त्यांचे. दोन्ही बाजूंचे लॉग घेतले की log V = log k + (1/n) log p, म्हणजे सरळ रेषेचे समीकरण मिळते. रेषेचा उतार 1/n, आणि log p शून्य असताना तिची उंची log k.

भौतिक रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ० अंश सेल्सियसला कोळशावर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडची एक जुनी आकडेवारी दिलेली असते. दाब किलोपास्कलमध्ये १३.३, २६.७, ४०.०, ५३.३, ६६.७, ८०.० आणि ९३.३; बसलेला वायू घनसेंटिमीटरमध्ये अनुक्रमे १०.२, १८.६, २५.५, ३१.५, ३६.९, ४१.६ आणि ४६.१. सातही जोड्यांचे लॉग घेऊन आलेखावर बिंदू टाकले की ते एका तिरक्या रेषेत उभे राहिलेले दिसतात. लघुतम वर्ग पद्धतीने रेषा बसवली तर उतार ०.७७ येतो, म्हणजे n सुमारे १.३. log k येतो ०.१५७, म्हणजे k सुमारे १.४४. दाब किलोपास्कलऐवजी टॉरमध्ये घेतला तर उतार तोच राहतो, पण k घसरून ०.३० होतो. त्यामुळे एकक न सांगता दिलेला k निरुपयोगी ठरतो.

रेषा किती छान बसली हे सांगणारा R² हा आकडा ०.९९७ आहे. बहुतेक प्रयोगवह्या इथेच मिटतात, आणि घोटाळाही इथेच होतो. लॉग घेतले की सगळे फरक आक्रसतात आणि जरा वाकलेली रेघही सरळ भासते.

वाक शोधायला संगणक लागत नाही. सूत्र खरे असेल तर दाब दुप्पट केल्यावर वायू दर वेळी सारख्याच पटीने वाढायला हवा. इथे ती पट १.७१ असायला हवी. प्रत्यक्षात १३.३ वरून २६.७ ला जाताना ती १.८२ आहे, २६.७ वरून ५३.३ ला १.६९, आणि ४० वरून ८० ला १.६३. पट एकसारखी घसरते आहे. रेषेपासून बिंदूंचे अंतर पाहिले तरी तेच दिसते: पहिला बिंदू रेषेखाली, मधले चार वर, शेवटचे दोन पुन्हा खाली. मोजमापातल्या चुका अशा शिस्तीत रांग धरत नाहीत.

याला कारण आहे. फार कमी दाबाला पृष्ठभाग जवळजवळ रिकामा असतो, तेव्हा दाब दुप्पट म्हणजे वायूही दुप्पट, म्हणून उतार १ कडे झुकतो. जास्त दाबाला जागा संपत येतात आणि उतार शून्याकडे जातो. फ्रॉइंडलिशच्या सूत्रात यातले काहीच नाही. त्याचा उतार सगळीकडे एकच. मधल्या पट्ट्यापुरते ते चालते, कारण कोळशाच्या भिंतीवर कमी-अधिक पकडीच्या अनेक जागा असतात आणि त्यांचा एकत्रित परिणाम घाताच्या नियमासारखा दिसतो.

मोजलेल्या पट्ट्याबाहेर पाऊल टाकले की किंमत मोजावी लागते. १,००० किलोपास्कलला वरचे सूत्र २९७ घनसेंटिमीटर वायू सांगते. जागा मर्यादित आहेत असे धरणारे अर्व्हिंग लँगम्यूर यांचे समीकरण याच सात बिंदूंना बसवले, तर संपूर्ण भरलेल्या पृष्ठभागावर १११ घनसेंटिमीटर मावतात आणि १,००० किलोपास्कलला ९८ मिळतात. एकाच आकडेवारीतून निघालेली दोन उत्तरे, आणि तफावत तिपटीची.

हा उतार अधिशोषणाचा प्रकारही सांगत नाही. टंगस्टनवर हायड्रोजन रासायनिक बंधाने बसतो, तरी त्याची आकडेवारी याच घाताच्या सूत्रात बसवता येते. प्रकार ओळखायचा तर उष्णता मोजावी लागते, किंवा वायू तापवून परत काढून तपासावा लागतो. अहवालात k आणि n दिले असतील, तर शेजारी तापमान, एकक आणि दाबाचा पट्टा लिहिला आहे का, ते वाचकाने आधी पाहावे.